अकरा वाजून तीन मिनिटांचा पूर

गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? नंतर येतात ते होळकर पुलाखालच्या विसर्गाचे आकडे. मारुतीची पातळी गोदाघाटावर उभं राहून डोळ्यांनी केव्हाही दिसते. आकडे मात्र ठरावीक वेळीच मिळतात, आणि त्यांच्यामधल्या तासांत नदीने काय केलं हे आकडे सांगत नाहीत. पंचवटीतल्या एका वाचकाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं आहे. पुराच्या आलेखात रेषेचा माथा सगळ्या नोंदींच्या वर गेलेला दिसतो. कोणीच न मोजलेलं हे पाणी आलं कुठून?

उत्तरासाठी हिशेबाला सोयीचे चार आकडे घेऊ. ते खऱ्या पुराचे नाहीत. एका खुणेपासूनची पातळी सकाळी सहाला २ फूट, नऊला ७, बाराला ८ आणि दुपारी तीनला ३ फूट. बिंदू सरळ रेषांनी जोडले तर माथा बरोबर बाराला, ८ फुटांवर येतो. पण मग नऊच्या ठोक्याला चढण्याचा वेग एकदम बदलतो, आणि बाराच्या ठोक्याला चढतं पाणी क्षणात उतरू लागतं. नदी अशी कोपरे काढत चढत नाही.

जहाजबांधणीतल्या कारागिरांनी या अडचणीवर फार पूर्वीच तोडगा काढला होता. लाकडाची लवचीक पट्टी घ्यायची, शिशाची वजनं ठेवून ती हव्या त्या बिंदूंवर अडकवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. या पट्टीचं नाव स्प्लाइन. आपल्याकडची बांबूची कामटीही असंच वागते. ती बिंदूंमधून जाते, कुठेही मोडत नाही आणि गरजेपुरतीच वाकते. शेवटच्या वजनापलीकडे तिला वाकवणारं कोणी नसतं, म्हणून तिथून पुढे ती सरळ जाते. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या. पुढे सगळा वाद तिच्यावरूनच होणार आहे.

ही पट्टी गणितात आणायची तर चार बिंदूंमधल्या तीन अंतरांसाठी तीन घन बहुपदी घ्याव्या लागतात. प्रत्येकीचे चार सहगुणक, म्हणजे बारा अज्ञात. प्रत्येक तुकडा आपल्या दोन्ही टोकांच्या बिंदूंतून गेला पाहिजे, या सहा अटी. नऊला आणि बाराला दोन्ही बाजूंचा चढ सारखा हवा, या दोन. तिथेच दुसरा अवकलज, म्हणजे चढ बदलण्याचा वेग, सारखा हवा, या आणखी दोन. अशा दहा अटी झाल्या; दोन कमी पडतात.

बारा अज्ञात घेऊन बसायची मात्र गरज नाही. मला या विषयातली सगळ्यात देखणी वाटणारी युक्ती इथे आहे. सहगुणक न शोधता बिंदूंवरचे दुसरे अवकलजच अज्ञात धरायचे. घन बहुपदीचा दुसरा अवकलज सरळ रेषेत बदलतो, त्यामुळे दोन टोकांच्या किमती कळल्या की मधल्या आपोआप कळतात आणि शेजारचे तुकडे त्या बाबतीत जुळलेलेच असतात. उरते ती चढ जुळवण्याची अट.

तीन तासांचं अंतर एक एकक धरू. नऊ वाजताचा दुसरा अवकलज क, बाराचा ख. दोन्ही टोकांना, सहाला आणि तीनला, तो शून्य धरू. कामटी टोकाला वाकत नाही, तसं. याला नैसर्गिक अट म्हणतात, आणि कमी पडणाऱ्या दोन अटी याच. आता नऊला डावीकडून येणारा चढ ५ + क/३ निघतो आणि उजवीकडे निघणारा १ − (२क + ख)/६. दोन्ही समान ठेवून सहाने गुणलं की

४क + ख = −२४

मिळतं. उजवीकडचा आकडा लागोपाठच्या दोन फरकांच्या फरकाची सहापट आहे: पाणी आधी ५ फूट चढलं, मग १ फूट, फरक −४, सहापट −२४. बाराला आधी १ फूट चढ, मग ५ फूट उतार, फरक −६. म्हणून

क + ४ख = −३६

दोन समीकरणं, दोन अज्ञात. क = −४, ख = −८. बारा अज्ञातांचं ओझं दोनवर आलं. बिंदू शंभर असले तरी प्रत्येक समीकरणात आपण आणि दोन शेजारी एवढीच नावं येतात, त्यामुळे सोडवणूक झपाट्याने होते.

नऊ ते बाराच्या तुकड्यात चढ कुठे शून्य होतो हे आता काढता येतं. उत्तर: अकरा वाजून सुमारे तीन मिनिटांनी, पातळी ८.३६ फूट. वाचकाला दिसलेला माथा असा येतो.

स्प्लाइनला गणितात हे नाव दिलं आयझॅक शोनबर्ग यांनी. रुमानियात जन्मलेला हा गणिती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीनच्या तोफखाना प्रयोगशाळेत काम करत होता. हवेच्या रोधाचे तक्ते तोफगोळ्यांच्या मार्गाच्या हिशेबासाठी गुळगुळीत हवे होते. १९४६ मध्ये त्यांचे लेख छापून आले आणि बरीच वर्षं जवळपास कोणी वळून पाहिलं नाही. पुढे संगणकावर मोटारींचे आणि विमानांचे आकार रेखाटले जाऊ लागले, तेव्हा स्प्लाइनचा बोलबाला झाला. श्रेय वाटताना शोनबर्ग यांचं नाव आजही मागे राहतं, याची मला खंत वाटते. १९५७ मध्ये हॉलाडे यांनी सिद्ध केलं की दिलेल्या बिंदूंमधून जाणाऱ्या सगळ्या गुळगुळीत वक्रांत दुसऱ्या अवकलजाच्या वर्गाची बेरीज, म्हणजे एकूण वाकणं, नैसर्गिक स्प्लाइनमध्ये सर्वांत कमी असतं.

पण सर्वांत कमी वाकणारा वक्र म्हणजे खरा पूर नव्हे. नैसर्गिक अटीचा अर्थ असा की सहाच्या सुमारास पाणी एकसारख्या वेगाने चढतच होतं. आपल्या वक्राचा तिथला चढ तीन तासांना ५.६७ फूट आहे. समजा, सहापर्यंत नदी २ फुटांवर स्थिर होती आणि तेव्हाच गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी येऊ लागलं. मग सहाला चढ शून्य ही अट बरोबर. दुसरं टोक तसंच ठेवून हिशेब पुन्हा केला, तर माथा ८.५५ फुटांवर जातो आणि वेळ १० वाजून ५१ मिनिटं होते. मोजलेला एकही आकडा न बदलता माथा दोन इंचांहून अधिक हलला, बारा मिनिटं अलीकडे आला.

टोकाच्या अटीचा असा परिणाम पुढच्या प्रत्येक बिंदूला साधारण चौथाईवर येतो. वीस नोंदी असत्या तर मध्यावर तो जाणवलाही नसता. चार बिंदूंत त्याला विरायला जागाच नाही. टोकापाशी फरक तर फारच मोठा आहे. साडेसातला नैसर्गिक वक्र ४.७५ फूट सांगतो आणि दुसरा ३.८५, म्हणजे जवळजवळ अकरा इंचांचं अंतर. उलट माथ्याजवळ, साडेदहाला, हे आकडे ८.२५ आणि ८.५ आहेत. अंतर तीनच इंचांचं.

तेव्हा पुराच्या दिवशी एकच जादा नोंद घेणं शक्य असेल, तर ती माथ्यावर नको, साडेसातला हवी. कोणती अट खरी हे तिथे पाण्याच्या मोजपट्टीवर स्पष्ट दिसतं, आणि मिळालेला पाचवा बिंदू हिशेबात घेतला की तिसरं समीकरण जोडून सगळा वक्र पुन्हा काढता येतो. धरणाचे दरवाजे मध्येच उघडले किंवा मिटले असतील, तर मात्र त्या वेळेला वक्र तोडून दोन वेगळे स्प्लाइन घ्यावेत. कामटी मोडायला तयार नसते, आणि विसर्गाचा आकडा दरवाजा हलला की एकदम बदलतो.