कोटेशन गेले, ऑर्डर कधी?

सेल्स पाइपलाइन म्हणजे चौकशीपासून ऑर्डरपर्यंतच्या वाटेवर कोणता ग्राहक कुठे पोहोचला आहे, याची टप्प्यांनुसार केलेली नोंद. जिल्ह्याच्या गावात दोन-तीन माणसांनिशी हिशेबाचे सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस आणि ईमेलची वार्षिक सबस्क्रिप्शन विकणाऱ्या रीसेलरकडे अशी नोंद बहुधा एखाद्या एक्सेल शीटमध्ये असते. त्या शीटवरून येत्या महिन्याचा आकडा काढला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. त्याची कारणे दोन आहेत. एक तर टप्पे विक्रेत्याने केलेल्या कामावर बेतलेले असतात. दुसरे म्हणजे, सौदा कधी ना कधी होण्याची शक्यता आणि तो याच महिन्यात होण्याची शक्यता या दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या जातात.

आधी टप्पे पाहू. ‘फोन केला’, ‘डेमो दिला’, ‘कोटेशन पाठवले’ अशी नावे शीटमध्ये सर्रास दिसतात. ही सगळी विक्रेत्याच्या हातातली कामे आहेत. ती केल्याने ग्राहक पुढे सरकला असे होत नाही. ‘कोटेशन पाठवून ठेवा’ असे म्हणणारा ग्राहक खरेदीच्या तयारीत असू शकतो, फोन आटोपता घेत असू शकतो किंवा त्याला फाइलला लावायला तिसरे कोटेशन हवे असते. शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि सहकारी कारखाने यांच्याकडे तीन कोटेशनांची प्रथा आहे. पुष्कळदा पुरवठादार आधीच ठरलेला असतो आणि उरलेली दोन कागदपत्रे पूर्ण करण्यासाठी मागवली जातात. असे कोटेशन पाइपलाइनमध्ये धरले, तर तिथूनच आकडा फुगायला लागतो.

म्हणून प्रत्येक टप्पा ग्राहकाच्या कृतीवर ठरवावा आणि ती कृती दाखवणारा पुरावा शीटमध्ये असावा. छोट्या रीसेलरला चार टप्पे पुरतात. पहिला टप्पा पात्र चौकशीचा. किती संगणकांवर सॉफ्टवेअर लागणार, आत्ता काय वापरतात, निर्णय कोण घेणार आणि केव्हापर्यंत हवे, ही चार उत्तरे ग्राहकाने दिलेली असली पाहिजेत. ती नसतील तर ती नुसती चौकशी. ती वेगळ्या यादीत राहील. दुसरा टप्पा डेमोचा, पण निर्णय घेणारा माणूस डेमोला हजर असेल तरच तो झाला असे धरायचे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा माणूस दरवेळी मालकच असतो असे नाही. अनेक दुकानांत आणि कारखान्यांत सीएचा किंवा कर सल्लागाराचा शब्द शेवटचा असतो. सीएने पाहिलेच नाही, तर अकाउंटंटला कितीही आवडलेला डेमो तिथेच अडतो.

तिसरा टप्पा कोटेशनचा, आणि सर्वात जास्त गफलत इथेच होते. कोटेशन पाठवले त्या दिवशी सौदा या टप्प्यात येत नाही. ग्राहकाने त्यावर काही विचारले, दरावर घासाघीस केली, युजरची संख्या बदलून मागितली, म्हणजे ते वाचून त्यावर काही केले, की तो येतो. चौथा टप्पा होकाराचा: दर आणि अटी ठरल्या आहेत, आता फक्त पर्चेस ऑर्डर किंवा अ‍ॅडव्हान्स यायचा आहे. इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे, ‘ऑर्डर निघायला तुमच्याकडे अजून काय काय व्हावे लागेल?’ मालकाच्या दुकानात एका सहीवर काम भागते. पतसंस्थेत विषय संचालक मंडळाच्या सभेपुढे जातो, ठराव होतो आणि मग ऑर्डर निघते. व्यवस्थापकाचा होकार मनापासूनचा असला, तरी सभा पुढच्या महिन्यात असेल तर ऑर्डरही पुढच्याच महिन्यात येईल. सभेची तारीख माहीत असणे हे व्यवस्थापकाच्या उत्साहापेक्षा अंदाजासाठी कितीतरी जास्त उपयोगाचे आहे.

प्रत्येक टप्प्याला वयाची मर्यादाही हवी. मागच्या वर्षी मिळालेल्या ऑर्डरींमध्ये कोटेशनपासून ऑर्डरपर्यंत साधारण किती दिवस गेले, हे जुन्या बिलांवरून काढता येते. ते 25 दिवस असतील, तर दोन महिने पडून राहिलेला सौदा जिवंत आहे असे गृहीत धरायचे कारण नाही. पितृपक्ष संपू दे, दिवाळी होऊ दे, मार्च एंडला बघू, अशा तारखा ग्राहक सहज देतो. त्या नोंदवाव्यात, पण तारीख दोनदा पुढे गेली की सौदा अंदाजातून काढून ‘नंतर विचारणे’च्या यादीत टाकावा. फोन चालू राहतात. आकड्यात मात्र तो धरला जात नाही.

आता अंदाजाकडे. अनेक सीआरएम सॉफ्टवेअरांत टप्प्यांना तयार टक्के दिलेले असतात, ते कोणत्याही विशिष्ट दुकानाचे नसतात. खरे टक्के रीसेलरच्या स्वतःच्या नोंदीतूनच निघतात. त्याची सोपी रीत अशी: दर महिन्याच्या 1 तारखेला शीटची एक प्रत करून ठेवायची आणि तिला नंतर हात लावायचा नाही. बारा प्रती जमल्या की प्रत्येक टप्प्यासाठी मोजायचे, 1 तारखेला तिथे किती सौदे होते आणि त्यांपैकी किती त्याच महिन्यात ऑर्डरपर्यंत गेले.

उदाहरणादाखल एक काल्पनिक रीसेलर घेऊ. वर्षभरात त्याची 135 कोटेशने ग्राहकांनी विचारात घेतली आणि पुढेमागे 54 ऑर्डरी आल्या, म्हणजे 40 टक्के. मालक हाच आकडा डोक्यात ठेवून चालतो. पण बारा प्रतींमध्ये 1 तारखेला कोटेशनच्या टप्प्यात असलेल्या नोंदी 120 भरतात आणि त्यांतल्या फक्त 18 त्याच महिन्यात ऑर्डर झाल्या, म्हणजे 15 टक्के. बाकीच्यांपैकी काही पुढच्या महिन्यांत आल्या, काही कधीच आल्या नाहीत. होकाराच्या टप्प्यात 40 नोंदींपैकी 24, म्हणजे 60 टक्के. डेमोच्या टप्प्यात 100 पैकी 5. पात्र चौकश्यांतून त्याच महिन्यात ऑर्डर क्वचितच निघते, म्हणून त्या महिन्याच्या हिशेबात धरायच्याच नाहीत.

अंदाज विक्रीचा न करता मार्जिनचा करावा. सबस्क्रिप्शनच्या लाखाच्या बिलात रीसेलरच्या हाती थोडेच उरते. इन्स्टॉलेशन, डेटा भरणे आणि प्रशिक्षण यांच्या छोट्या बिलात बरेच उरते. दोन्हींची बेरीज करून ‘या महिन्यात इतक्या लाखांची विक्री’ म्हटले, तर पगार निघतील की नाही हे त्यातून कळत नाही. जीएसटी तर आकड्यात कुठेच नसावा. तो सरकारचा पैसा आहे.

समजा, 1 जुलै आहे. या रीसेलरच्या मार्जिनचे तीन झरे आहेत आणि ते वेगवेगळे मोजायला हवेत. पहिला नूतनीकरणाचा. जुलैमध्ये ज्यांची मुदत संपते त्या ग्राहकांचे मार्जिन 90,000 रुपये आहे. मागच्या नोंदींनुसार यातले 70 टक्के त्याच महिन्यात येते आणि आणखी 15 टक्के पुढच्या महिन्यात. म्हणजे जुलैचे 63,000, आणि जूनमध्ये मुदत संपलेल्या 80,000 पैकी रेंगाळलेले 12,000, एकूण 75,000. दुसरा झरा किरकोळ विक्रीचा, ज्याची सरासरी महिन्याला 20,000 आहे. ही दोन्ही मिळून 95,000 होतात आणि त्यांत फारसा चढउतार नसतो.

तिसरा झरा नव्या सौद्यांचा. डेमोच्या टप्प्यातल्या आठ सौद्यांचे मार्जिन 1,20,000. त्याचे 5 टक्के म्हणजे 6,000. कोटेशनच्या टप्प्यातल्या नऊ सौद्यांचे 1,80,000. त्याचे 15 टक्के म्हणजे 27,000. इथे 40 टक्के लावले असते, तर 72,000 आले असते आणि या एका ओळीतच अंदाज 45,000 रुपयांनी वाढला असता. होकाराच्या टप्प्यात तीन सौदे आहेत. दोन छोट्यांचे मिळून 40,000. त्याचे 60 टक्के म्हणजे 24,000. तिसरा आठ शाखांच्या पतसंस्थेचा, एकट्याचे मार्जिन 90,000.

या तिसऱ्या सौद्याला 60 टक्के लावून 54,000 लिहिणे चूक आहे. 54,000 रुपये कोणत्याही परिस्थितीत येणार नाहीत. येतील तर 90,000, नाहीतर काहीच नाही. टक्क्यांचे गणित बऱ्याच सारख्या आकाराच्या सौद्यांवर चालते, कारण एक गेला तरी दुसरा भरून काढतो. एकच सौदा बाकी सगळ्यांएवढा मोठा असेल, तर सरासरीला अर्थ राहत नाही. तो वेगळ्या ओळीवर लिहून त्याच्यापुढे तारीख लिहावी. इथे संचालक मंडळाची सभा 24 जुलैला आहे. ती झाली आणि आठवड्याभरात ऑर्डर निघाली तर जुलै, गणसंख्येअभावी पुढे ढकलली तर ऑगस्ट.

म्हणून जुलैचा अंदाज एका आकड्यात न सांगता तीन आकड्यांत सांगावा लागतो. नूतनीकरण आणि किरकोळ विक्रीचे 95,000 हा तळ. नव्या सौद्यांचे 57,000 मिळवून 1,52,000 ही अपेक्षा. पतसंस्थेची ऑर्डर आलीच तर 2,42,000. भाडे आणि पगार मिळून महिन्याचा खर्च 1,40,000 असेल, तर अपेक्षेवर तो जेमतेम भागतो आणि तळावर 45,000 कमी पडतात. तेव्हा नवा माणूस घेणे किंवा उधारीवर काही मोठे उचलणे 24 तारखेपर्यंत थांबवलेले बरे.

पतसंस्थेच्या ऑर्डरबाबत आणखी एक गोष्ट आधीच पाहावी लागते. 90,000 मार्जिनचे बिल 9,00,000 चे असेल, तर डिस्ट्रिब्युटरला 8,10,000 आणि त्यावरचा जीएसटी द्यायचा आहे. त्याची मुदत तीस दिवसांची आणि संस्थेचे पेमेंट साठ दिवसांनी, असे झाले तर महिनाभर ती रक्कम रीसेलरच्या खिशातून अडकते. विक्रीच्या अंदाजात जुलै चांगला दिसेल आणि ऑगस्टमध्ये बँकेत पैसे नसतील. अ‍ॅडव्हान्सची अट होकाराच्या टप्प्यातच घालायची असते. ठराव झाल्यावर ती घालता येत नाही.

टक्के कुठे फसतात हेही माहीत असावे. 40 पैकी 24 हा नमुना लहान आहे. तीन-चार सौदे इकडचे तिकडे झाले की टक्का दहाने हलतो, म्हणून त्याला दशांश लावू नयेत. मार्चमध्ये बजेट संपवायची घाई असते, त्या महिन्याचे टक्के एप्रिलला लावता येत नाहीत. कायद्याच्या तारखांचाही असाच परिणाम होतो. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या व्यवसायांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. अशा तारखेच्या तोंडावर ग्राहकाला थांबणे परवडत नाही, त्यामुळे त्या महिन्यांचे टक्के सरासरीतून वगळलेले बरे.

महिना संपला की 1 तारखेची प्रत उघडून प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहावा आणि फरक कोणत्या ओळीत पडला ते पाहावे. सलग तीन महिने होकाराच्या ओळीत कमी येत असेल, तर टक्का बदलण्याआधी टप्प्याची व्याख्या तपासावी. बहुधा कोणीतरी ‘साहेब हो म्हणाले’ एवढ्यावर सौदा तिथे नेऊन ठेवलेला असतो आणि साहेबांच्या वर सही करणारा आणखी कोणी असतो.