एकाच टेबलावर तीन भुली

भुलीचे तीनही प्रकार कसे काम करतात, हे एकाच सिझेरियनमध्ये दिसू शकतं.

पहिली भूल जागेपुरती. कमरेत मोठी सुई घालण्याआधी मी त्वचेखाली दोन-तीन मिली लिग्नोकेन टोचते. मज्जातंतूतला वेदनेचा संदेश पुढे जातो तो सोडियम आत शिरल्यामुळे. सोडियमची ती दारं लिग्नोकेन आतून बंद करतं, म्हणून तेवढी जागा बधिर होते. जिथे पू झालेला असतो तिथे आम्लता वाढलेली असते. त्यामुळे औषध मज्जातंतूच्या आत नीट शिरत नाही आणि भूल कच्ची राहते.

कमरेतल्या भुलीतलं बुपिव्हाकेनही हीच दारं बंद करतं. फरक जागेचा आहे. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, बहुधा तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून जाते. सुईतून स्वच्छ पाणी थेंब थेंब येऊ लागलं की दोन मिलीच्या आसपास औषध सोडायचं. तिथे मज्जातंतूंची मुळं पाण्यात उघडीच असतात, म्हणून एवढ्याशा औषधाने छातीपासून खालचं अंग बधिर होतं.

आधी रक्तवाहिन्या आवळून धरणारे बारीक तंतू बंद पडतात. पाय गरम वाटतात, रक्तदाब उतरतो. बाई म्हणते, "डॉक्टर, मळमळतंय." ही बहुतेक वेळा उतरलेल्या रक्तदाबाची खूण असते. लगेच फिनाइलएफ्रिन द्यावं लागतं. मग थंडावा आणि टोचणं कळेनासं होतं, पाय जड होतात. स्पर्श सर्वांत शेवटी जातो, कधी पुरता जातही नाही.

स्पिरिटचा बोळा पायापासून वर फिरवत मी विचारते, "ताई, गार कुठे लागतं?" काप बेंबीच्या खाली असला, तरी गारवा स्तनाग्रांच्या रेषेपर्यंत कळता कामा नये, कारण पोटातल्या आवरणाचे तंतू पाठीच्या बऱ्याच वरच्या भागातून येतात.

बधिरपणा बेंबीपाशीच अडला आणि थांबायला वेळ नसला, तर पूर्ण भूल. प्रोपोफॉल मेंदूतल्या पेशींना शांत करणाऱ्या गाबाचा परिणाम वाढवतं आणि शुद्ध हरपते. जखमेतले मज्जातंतू मात्र चालूच असतात. म्हणूनच काप घेताना झोपलेल्या रुग्णाचीही नाडी आणि रक्तदाब चढतात. त्यासाठी फेंटानिलसारखं वेदनाशामक वेगळं द्यावं लागतं. बाळ सुस्त होऊ नये म्हणून ते बऱ्याचदा नाळ कापल्यावर देतात. पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ नये म्हणून श्वासनलिकेत नळीही घालावी लागते.

कमरेतल्या भुलीत ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळणारच, आणि हे मी आधीच सांगून ठेवते. पण टोकदार दुखलं तर बाईने तसं सांगावं आणि सर्जनने हात थांबवावा. तिथे मॉनिटरवरच्या आकड्यांपेक्षा तिच्या शब्दाला वजन आहे.