साडीच्या चार घड्या, साठ अंश आणि पाण्यातले कोलिफॉर्म

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे १९६८ पासून काम करणाऱ्या ‘नारी’त, पाणी शुद्ध करण्याचा एक प्रयोग झाला. त्याचं साहित्य ऐकूनच तो आवडून जातो: एक सुती साडी आणि सोलर हीटरच्या चार निर्वात काचनळ्या. पिण्यालायक नसलेलं पाणी साडीच्या चार घड्यांतून गाळायचं, नळ्यांत भरायचं आणि उन्हात ठेवून द्यायचं. डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष असा की, न गाळलेलं पाणीसुद्धा ६० अंश सेल्सियसला १५ मिनिटं किंवा ४५ अंशांना तीन तास राहिलं, की त्यातले सगळे कोलिफॉर्म निकामी होतात. उकळी फुटायची गरजच नाही!

पण थांबा. पाण्यातून पटकी होते, विषमज्वर होतो, कावीळ होते. मग मोजणी कोलिफॉर्मचीच का?

ज्याला शोधतात, तो बहुधा निरुपद्रवी असतो

पाण्यातून आजार पसरवणारे जिवाणू, विषाणू आणि परजीवी डझनावारी आहेत. प्रत्येकाची चाचणी वेगळी, महागडी आणि वेळखाऊ. शिवाय गावात त्या आठवड्यात विषमज्वराचा रुग्णच नसेल, तर विहिरीत मैला झिरपत असूनही विषमज्वराचा जिवाणू सापडणार नाही. पुढच्या आठवड्यात रुग्ण आला की तीच विहीर घात करणार. म्हणून प्रयोगशाळा आजाराऐवजी मैल्याची वाट शोधते. त्यासाठी असा जिवाणू हवा, जो आजारी आणि धडधाकट अशा सगळ्यांच्या आतड्यात नेहमीच आणि भरपूर असतो.

तो सापडला तान्ह्या बाळांच्या शीत. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि पुढे त्याच्याच नावावरून जिवाणूचं नाव पडलं एशेरिशिया कोलाय, आपला ई. कोलाय. १८९२ मध्ये शार्डिंगर यांनी सुचवलं की पाण्यात हा दिसला तर मैल्याचा संपर्क झाला असं धरावं. या जिवाणूचे बहुतेक प्रकार आपल्या पोटात काही त्रास न देता नांदतात. काही वाण मात्र खरोखरच हगवण लावतात, एवढं लक्षात ठेवायचं.

अहवालातली दोन नावं, दोन वेगळ्या बातम्या

‘एकूण कोलिफॉर्म’ हे मोठं कुटुंब. त्यातले बरेच सदस्य मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यातही राहतात. त्यामुळे उघड्या विहिरीत पावसाळ्यानंतर एकूण कोलिफॉर्म निघाले, तर तेवढ्यावरून शेजारच्या शौचालयाकडे बोट दाखवता येत नाही. क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यात निघाले तर मात्र गोष्ट वेगळी. तिथं ते असायलाच नकोत. एक तर औषध कमी पडलं, नाही तर औषधानंतर कुठून तरी बाहेरचं पाणी आत शिरलं.

‘ई. कोलाय’ किंवा ‘उष्णतासह कोलिफॉर्म’ निघाले, की बोट मैल्याकडेच जातं; माणसाचा किंवा गुराढोरांचा. यांची ओळख उष्णतेने पटते. मातीतले भाऊबंद ज्या तापमानाला कच खातात, त्या ४४-४५ अंशांच्या आसपास हे खाद्यद्रव्यात मजेत वाढतात आणि लॅक्टोज आंबवून वायू सोडतात. परीक्षानळीत एक चिमुकली नळी उलटी ठेवलेली असते, तिच्यात बुडबुडा अडकला की नळी ‘पॉझिटिव्ह’. उष्णतेची ही युक्ती १९०४ मध्ये मांडली ख्रिस्तियान आइकमान यांनी. होय, पॉलिशच्या तांदळाने बेरीबेरी होतो हे कोंबड्यांवर दाखवून नोबेल मिळवणारे तेच आइकमान!

भारतीय मानक आयएस १०५०० याबाबत कडक आहे: पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म आढळता कामा नयेत.

‘५०’ हा आकडा कुणी मोजलेला नसतो

अहवालात ‘एमपीएन ५०’ असं लिहून येतं आणि आपण समजतो की कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली पन्नास जिवाणू मोजले. प्रत्यक्षात प्रयोगशाळेने मोजलेल्या असतात फक्त बुडबुडे आलेल्या नळ्या. एमपीएन म्हणजे सर्वाधिक संभाव्य संख्या.

एक नमुना घेऊन बघू. पाच नळ्यांत प्रत्येकी १० मिलि पाणी घातलं, पाचांत १ मिलि, पाचांत ०.१ मिलि. दोन दिवसांनी पहिल्या पाचही नळ्यांत वायू, दुसऱ्या पाचांतल्या दोनांत, तिसऱ्यांत एकातही नाही. नोंद झाली ५-२-०. तक्ता उघडला तर उत्तर सुमारे ५०. तक्ता नसला तरी थॉमसच्या सूत्राने काम भागतं: पॉझिटिव्ह नळ्या ७, त्यांना १०० ने गुणा, म्हणजे ७००. निगेटिव्ह नळ्यांतलं पाणी ३.५ मिलि, सगळं मिळून पाणी ५५.५ मिलि. या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ साधारण १४. सातशेला चौदाने भागलं की पन्नास.

खरी मौज पुढे आहे. त्याच तक्त्यात शेजारी विश्वासमर्यादा दिलेली असते, आणि ५-२-० साठी ती साधारण वीसपासून दीडशेपर्यंत पसरते. म्हणून मागच्या महिन्यात ५० होते आणि या महिन्यात ८० निघाले, एवढ्यावरून पाणी बिघडलं असं म्हणता येत नाही. ५० वरून १८००+ झालं, तर लगेच धावायचं. उलट सगळ्या नळ्या कोऱ्या राहिल्या तरी या पद्धतीत उत्तर येतं ‘दोनपेक्षा कमी’. शून्य म्हणण्याइतकं पाणी तपासलेलंच नसतं.

बाटलीतही घात होतो

नळाच्या पाण्याचा नमुना घ्यायच्या निर्जंतुक बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं असतं. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटभर जिवाणू मारत राहतो आणि नळाशी असलेले कोलिफॉर्म प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत गायब होतात. साध्या पाण्याच्या बाटलीत भरून दिलेल्या नमुन्याचा ‘स्वच्छ’ अहवाल म्हणूनच मला पटत नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवायचा आणि २४ तासांच्या आत तपासणी सुरू करायची. बाटली काठोकाठ भरायची नाही. तपासणीआधी ती हलवावी लागते.

काळी पडणारी बाटली

गावागावांत वापरली जाणारी एचटूएस बाटली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेची देणगी. मांजा, मौर्य आणि राव यांनी ती १९८२ मध्ये मांडली. पाणी भरा, कोमट जागी एक-दोन दिवस ठेवा. काळं पडलं तर मैल्याचा संशय. गंमत अशी की ही चाचणी कोलिफॉर्म शोधतच नाही. मैल्यात त्यांच्यासोबत येणारे आणि हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जिवाणू ती पकडते. त्यामुळे बोअरच्या पाण्याला आधीपासूनच कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर बाटली जिवाणूंशिवायही काळी होते. आणि कडाक्याच्या थंडीत बाटली ओसरीवर ठेवली, तर दूषित पाणीही उशिरा रंग दाखवतं.

साडी काय अडवते, ऊन काय मारतं

आता पुन्हा ‘नारी’कडे. साडीच्या घड्यांचा सगळ्यात गाजलेला पुरावा बांगलादेशातला आहे. रिटा कोलवेल यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की, जुन्या साडीची घडी घालून गाळलेलं पाणी पिणाऱ्या गावांत पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. कारण पटकीचे जिवाणू पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून राहतात आणि ते जीव घडीत अडकतात. पण सुटा ई. कोलाय जेमतेम दोन मायक्रॉन लांब. घडीतली भोकं त्याच्या दसपट असतात. म्हणजे साडीने पटकी कमी होईल, गाळ आणि कचरा जाईल, पण कोलिफॉर्मचा आकडा शून्यावर येईल तो उष्णतेनेच. फलटणच्या जोडणीत दोघांचीही गरज आहे ती यासाठी.

त्या दोन तापमानांपैकी माझा भरवसा ६० अंशांवर. पंचेचाळीसला कोलिफॉर्म जात असतीलही, पण प्रयोगशाळा त्यांना ज्या तापमानाला मुद्दाम वाढवते, त्याच्या हे अगदी शेजारी आहे. तिथं चुकायला जागा उरत नाही. साठालाही एक मेख आहेच. हिपॅटायटिस ए चा विषाणू कोलिफॉर्मपेक्षा चिवट असतो. त्यामुळे पाणी पाश्चराइज करणारे लोक जगभर ६५ अंशांचं माप धरतात. कोलिफॉर्म मेले याचा अर्थ त्यांच्याइतकेच किंवा त्यांच्याहून नाजूक असलेले सगळे मेले. त्यांच्याहून दणकट असलेल्यांबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

याची सर्वांत मोठी किंमत मोजली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराने. १९९३ मध्ये तिथं क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे अंदाजे चार लाख लोकांना हगवण लागली. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात कोलिफॉर्म नव्हते. क्लोरीनने ते मेले होते आणि जाड कवचाचा परजीवी सुखरूप निसटला होता. इशारा दिला होता तो गढूळपणाच्या वाढत्या आकड्याने.

तापवलेल्या पाण्याची आणखी एक अडचण घरातच असते. क्लोरीन पाण्यात मागे उरतो, ऊब उरत नाही. निवलेल्या हंड्यात हात बुडवून तांब्या भरला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पाच ग्रॅमचं गणित

ग्रामपंचायतीच्या टाकीत हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल पावडर टाकतात. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तर लिटरमागे १.६५ मिलिग्रॅम पडतं. पोतं उघडं राहून ती १५ टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच पावडरीतून निम्म्याहून कमी, ०.७५ मिलिग्रॅम. पाण्यातला गाळ आणि सेंद्रिय घाण त्यातलं बरंचसं खाऊन टाकते. म्हणून अर्ध्या तासाने, तेही वाडीतल्या शेवटच्या नळाला, ओटी चाचणीत पिवळा रंग यायला हवा, किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. तिथं रंग आला नाही आणि कोलिफॉर्म आले, तर आधी टीसीएलचं पोतं तपासा. रंग येऊनही कोलिफॉर्म आले, तर नमुना कसा घेतला ते विचारा, किंवा जवळच फुटलेली जलवाहिनी शोधा.

पाणी सुटल्याची पहिली धार

नळाला पाणी नसतं तेव्हा जलवाहिनीतला दाब जातो आणि गटाराशेजारच्या गळक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी एकाच शहरातल्या दोन प्रकारच्या नळांची तुलना केली. ठरावीक वेळ पाणी येणाऱ्या नळांच्या जवळपास दर तिसऱ्या नमुन्यात ई. कोलाय निघाला. चोवीस तास पाणी असलेल्या भागात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होतं.

नमुना घेणारा माणूस नियमाप्रमाणे नळ दोन-तीन मिनिटं वाहू देतो. बायाबापड्या मात्र पाणी आलं रे आलं की पहिल्या धारेखाली घागर लावतात. म्हणून आपल्या वस्तीचा पाणी-अहवाल हातात आला की कोलिफॉर्मच्या आकड्याच्या आधी नमुन्याची जागा आणि वेळ वाचावी. टाकीखालच्या नळाचा, पाणी सुटून तासाभराने घेतलेला नमुना असेल, तर शेवटच्या नळाला पाणी येताच घेतलेला दुसरा नमुना मागून घ्यावा.