उणे आठ ग्रॅम डाळं

सातूचं पीठ घरोघरी अंदाजानं होतं. भाजलेले गहू, डाळं, जिरं आणि थोडी वेलची दळली की झालं. पण त्यातच शेंगदाण्याचं कूट घालून एखाद्या बचत गटाला पाकिटं विकायची असतील आणि पाकिटावर ‘100 ग्रॅममध्ये 15 ग्रॅम प्रथिनं, 10 ग्रॅम स्निग्ध’ असं छापायचं असेल, तर अंदाज पुरत नाही. गणित मांडावं लागतं, आणि ते नववी-दहावीच्या एकसामयिक समीकरणांचंच असतं.

अन्नघटकांच्या तक्त्यांवरून ढोबळ आकडे घेऊ. 100 ग्रॅम गव्हात प्रथिनं 10 आणि स्निग्ध 2 ग्रॅम, डाळ्यात 22 आणि 5, शेंगदाण्यात 24 आणि 40. गहू ग, डाळं ड आणि शेंगदाणे श ग्रॅम घेतले, तर एकूण वजन, प्रथिनं आणि स्निग्ध यांची तीन समीकरणं मिळतात:

ग + ड + श = 100
0.10ग + 0.22ड + 0.24श = 15
0.02ग + 0.05ड + 0.40श = 10

पहिल्या समीकरणातून ग काढून तो उरलेल्या दोनांत घातला, की 0.12ड + 0.14श = 5 आणि 0.03ड + 0.38श = 8 एवढंच उरतं. यातल्या दुसऱ्याला 4 ने गुणून पहिलं वजा केलं की 1.38श = 27. म्हणजे शेंगदाणे साधारण 19.6, डाळं 18.8 आणि गहू 61.6 ग्रॅम. ताळा जुळतो आणि पीठ दळायला घेता येतं.

आता समजा कुणी म्हणालं, मुलांसाठी करतोय, स्निग्ध 18 करू, प्रथिनं 15 च ठेवू. समीकरणांना काहीच अडचण येत नाही. ती लगेच उत्तर देतात: गहू 65.46, शेंगदाणे 42.75, डाळं उणे 8.21 ग्रॅम. बेरीज बरोबर 100 भरते, प्रथिनं 15, स्निग्ध 18. कागदावर सगळं चोख. फक्त पिठातून नसलेलं आठ ग्रॅम डाळं बाहेर काढायचं आहे!

हे उणे चिन्ह आकडेमोडीची चूक नव्हे, त्याला अर्थ आहे. एवढं स्निग्ध आणायला शेंगदाणे इतके लागतात, की त्यांच्यासोबत प्रथिनंही गरजेपेक्षा जास्त येतात. ती कमी करायला समीकरण डाळं उपसू पाहतं.

डाळ्याच्या जागी शून्य लिहून पुढे जायचा मोह इथे होतो. तसं केलं तर मिश्रण 108 ग्रॅमचं होतं. ते 100 ग्रॅमवर आणलं की प्रथिनं 15.5 भरतात आणि स्निग्ध 17 वरच थांबतं. दोन्ही आकडे हुकले. म्हणून उत्तरात कुठेही उणे आलं, की तो आकडा झाकायचा नाही, मागणीच तपासायची.

तपासण्याची सोपी रीत आलेखाची आहे. आडव्या अक्षावर प्रथिनं आणि उभ्या अक्षावर स्निग्ध घेऊन गहू, डाळं, शेंगदाणे हे तीन बिंदू मांडा आणि जोडा. या तिघांचं कुठलंही खरंखुरं मिश्रण त्या त्रिकोणात किंवा त्याच्या बाजूंवरच पडतं. प्रथिनं 15 असतील तिथे त्रिकोणाची उंची स्निग्धाच्या सुमारे 3.2 पासून 15.6 पर्यंतच आहे. 10 आत पडतं, 18 बाहेर. कितीही हुशारीनं दळलं तरी या तीन पदार्थांतून ते साधणार नाही.

मग त्रिकोण हलवायचा. ज्यात प्रथिनं नाहीत पण स्निग्ध भरपूर आहे असा पदार्थ हवा, म्हणजे तूप. डाळ्याऐवजी तूप धरून गणित सोडवलं की गहू 61, शेंगदाणे 37 आणि तूप 2 ग्रॅम येतात. सगळे आकडे धन आहेत. आता याला सातूचं पीठ म्हणायचं का, हा वाद वेगळा! तूप आणि डाळं दोन्ही ठेवायचं तर अज्ञातं चार आणि समीकरणं तीन. मग एकच उत्तर राहत नाही, आणि त्यांतलं स्वस्त कोणतं ते शोधावं लागतं.

नेमका हाच प्रश्न अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी 1945 मध्ये 77 पदार्थ आणि 9 पोषक घटक घेऊन मांडला. त्यांच्या अटी ‘इतकंच’ अशा नव्हत्या, ‘निदान इतकं’ अशा होत्या. शिवाय कुठलंही प्रमाण शून्याखाली जायला नको होतं. अशा अटींतून नेमकं उत्तर काढायची रीत तेव्हा त्यांच्या हाती नव्हती. त्यांनी अटकळीनं वाट काढली आणि 1939 च्या भावानं वर्षाचा खर्च 39.93 डॉलर काढला. 1947 मध्ये जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत आली. हातानं चालवायच्या गणकयंत्रांवर माणसं बसवून हेच गणित तिनं सोडवलं, त्याला सुमारे 120 मनुष्यदिवस लागले आणि उत्तर आलं 39.69 डॉलर. स्टिगलर यांची अटकळ वर्षाला अवघ्या 24 सेंटनी चुकली होती.