पुढचा निरोप किती वाजता?

5 एप्रिल 2022, मंगळवार. भारतीय घड्याळात दुपारचे 1 वाजून 8 मिनिटे झाली होती. ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीत एक आज्ञावली चालू करण्यात आली. एक जुने, वापरातून गेलेले ॲप ग्राहकांच्या खात्यांतून काढून टाकणे एवढेच तिचे काम होते. पण ज्यांनी यादी दिली त्यांच्याकडून ॲपच्या क्रमांकांऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण साइट्सचे क्रमांक गेले. पुढच्या 23 मिनिटांत 883 साइट्स पुसल्या गेल्या. त्या 775 ग्राहकांच्या होत्या. ‘जिरा’ आणि ‘कॉन्फ्लुअन्स’ ही या कंपनीची उत्पादने हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज उघडली जातात. कोणी काय काम करायचे, कोणता दोष कोणाकडे, जुन्या निर्णयांच्या नोंदी कुठे, हे सगळे त्यांच्यात असते. शेवटच्या ग्राहकाचा डेटा परत मिळायला 18 एप्रिल उजाडला.

साइट्स कशा पुसल्या गेल्या, याची चर्चा तंत्रज्ञांनी पुष्कळ केली. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. साइटबरोबर त्या साइटच्या प्रमुखाचे नाव आणि संपर्कही पुसले गेले होते. ज्याची सेवा बंद पडली त्याला कळवायचे तर कोणाला कळवायचे, हेच कंपनीला धड माहीत नव्हते. उलट बाजूनेही वाट बंद होती. तक्रार नोंदवायची तर साइटचा चालू पत्ता लिहावा लागे आणि तो पत्ता तर आता अस्तित्वातच नव्हता. कंपनीच्या तंत्रप्रमुखाचे सविस्तर जाहीर निवेदन आले ते 12 तारखेला, म्हणजे आठवडा उलटल्यावर. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही चूक स्पष्ट कबूल केली. संपूर्ण चित्र हाती येईपर्यंत थांबण्याऐवजी जेवढे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही, ते दोन्ही आधीच सांगायला हवे होते, असा त्या कबुलीचा आशय आहे.

थांबण्यामागे दुष्ट हेतू क्वचितच असतो. दुरुस्ती करणाऱ्याला वाटते, नेमके कारण कळू दे, मग सांगू. अर्धवट सांगून फसलो तर लोक धरून बसतील. पण ग्राहकाला तेवढ्या वेळात स्वतःचे निर्णय घ्यायचे असतात. बैठक पुढे ढकलायची का, मुलाची परीक्षा शेजाऱ्यांकडे बसून द्यायला लावायची का, दुकान आज रोखीवर चालवायचे का? कारण कळले नाही तरी त्याचे चालते. आपण किती वेळ वाट पाहायची, हे कळले नाही तर चालत नाही.

म्हणून बिघाडाच्या निरोपात सर्वांत मोलाची ओळ शेवटची असते: पुढचा निरोप किती वाजता. सेवा कधी सुरू होईल हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही, कारण ते तुटलेल्या वस्तूच्या हातात आहे. पुढचा निरोप देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. तो वेळेवर आला की लोक पुढच्या वेळेवर विश्वास ठेवतात आणि मधल्या वेळेत फोन करणे थांबवतात.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, एका उपनगरातल्या केबलवाल्याच्या चारशे घरांचे इंटरनेट संध्याकाळी 7 वाजून 5 मिनिटांनी गेले. घरोघरी भिंतीवरच्या डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लुकलुकतो आहे. याचा अर्थ बाहेरून प्रकाशच येत नाही, म्हणजे दोष बहुधा केबलमध्ये आहे. ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 7.20 ला पहिला निरोप असा जायला हवा:

“7.05 पासून स्टेशनच्या पूर्वेकडील सर्व इमारतींत इंटरनेट पूर्ण बंद आहे. कारण अजून कळलेले नाही. माणूस निघाला आहे. दोष तुमच्या घरात नाही. डब्याचे रीसेट बटण दाबू नका. पुढचा निरोप 7.50 ला, तोपर्यंत काही कळले नाही तरी देऊ.”

रीसेटचे वाक्य फुकट नाही. बटण पिनेने दाबून धरले की डब्यातले युजरनेम आणि सेटिंग पुसले जाते. मग रात्री केबल जोडली गेली तरी त्या घरात इंटरनेट येत नाही आणि सकाळी माणूस पाठवावा लागतो. एका ओळीने असे कितीतरी फेरे वाचतात.

7.50 ला कळते की रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने केबल तोडली. “पाण्याच्या टाकीजवळ केबल तुटली आहे. जोडणीचे मशीन 8.30 पर्यंत पोहोचेल. किती वेळ लागेल ते केबल उघडल्यावर सांगू. पुढचा निरोप 8.40 ला.” मग 8.40 ला: “24 तारा तुटल्या आहेत. प्रत्येक तार वेगळी सोलून, कापून, मशीनवर जोडावी लागते. रात्री 11 च्या आधी होणार नाही. उद्या सकाळचे काम असेल तर मोबाइलच्या डेटावर सोय ठेवा. पुढचा निरोप 9.40 ला.” समजा 9.40 ला मशीनची बॅटरी उतरल्याने काम अडले आहे. तरीही निरोप जातो, तसाच लिहून, नव्या वेळेसह. हाच निरोप लिहायला हात सर्वांत जड होतो आणि हाच चुकला तर आधीचे तिन्ही वाया जातात.

आता याच घटनेचा नेहमीचा निरोप आठवा: “काही ठिकाणी तांत्रिक कारणास्तव सेवा खंडित झाली आहे. लवकरच सुरळीत होईल. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” यात ठिकाण नाही, वेळ नाही, काय करावे आणि काय करू नये हे नाही. ‘काही ठिकाणी’ हे शब्द तर घातकच आहेत. सगळे बंद असताना ते वाचणाऱ्याला वाटते, बिघाड आपल्याच घरी आहे. मग तो रीसेट दाबतो.

ग्रुपवर आणखी एक अडचण येते. दर मिनिटाला “आमच्याकडेही बंद” असे चाळीस मेसेज येतात आणि खरा निरोप वर वाहून जातो. त्यासाठी फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा वेगळा ग्रुप ठेवणे बरे, तक्रारी दुसरीकडे. आणि केबल जोडणाऱ्यालाच निरोप लिहायला लावू नये. त्याचे दोन्ही हात कामात असतात. कार्यालयातल्या एकाने घड्याळ सांभाळायचे, ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी त्याला फोन करायचा आणि मिळेल ते साध्या मराठीत लिहायचे.

निरोपाची जागा बिघडलेल्या सेवेच्या बाहेर हवी. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनची एस-3 ही साठवण सेवा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा त्यांचा फलकही तिच्यावरच अवलंबून होता. सेवा सकाळी 9.37 ला बिघडली आणि फलकावरची स्थिती 11.37 पर्यंत बदलताच आली नाही. ते दोन तास कंपनीला ट्विटरवरून आणि फलकाच्या माथ्यावर मजकूर लावून कळवावे लागले. घरचे इंटरनेट गेल्यावर व्हॉट्सॲप मोबाइलच्या डेटावर चालते, म्हणून केबलवाल्याचा ग्रुप चालून जातो. मोबाइल कंपनीचेच जाळे पडले तर तोच ग्रुप त्यांच्या ग्राहकांना निरुपयोगी ठरेल.

काम संपल्यावरचा निरोपही घाईने देऊ नये. “सर्व सुरू झाले” असे लिहावे आणि दहा घरांत लाल दिवा तसाच असावा, हे नेहमी घडते. त्याऐवजी: “11.25 ला सर्व तारा जोडल्या. ज्यांच्याकडे अजून लाल दिवा आहे त्यांनी इमारत आणि फ्लॅट क्रमांक कळवावा. 12 वाजेपर्यंत आम्ही लक्ष ठेवून आहोत.” दुसऱ्या दिवशी केबल का तुटली आणि ती आता किती खोल घातली, हे चार ओळींत.

वाचकांनीही यात एक करावे. पुढच्या वेळी सेवा गेली की “कधी येणार?” असे विचारू नका, त्याचे उत्तर “लवकरच” असेच मिळते. “पुढचा निरोप किती वाजता देणार?” असे विचारा आणि ती वेळ ग्रुपवर लिहून घ्या.