हातपंप पाणी कां सोडतो?



हातपंपाचा दांडा भरभर वरखालीं होतो आहे, हाताला कसलाहि भार जाणवत नाहीं, आणि तोटींतून मात्र पाण्याचा थेंब पडत नाहीं, असा प्रसंग ज्यांच्या अंगणांत हातपंप आहे त्यांच्यावर उन्हाळ्यांत बहुधा येतोच. "विहीर आटली," असें म्हणून आपण मोकळे होतों. तें खरें आहे कीं नाहीं, हें दोरीला दगड बांधून विहिरींत सोडल्यास लगेच कळतें. दोरी भिजून वर आली आणि पंपाच्या नळीचें टोंक पाण्यांत बुडालेलें आहे अशी खात्री झाली, म्हणजे दोष विहिरीचा नव्हे, पंपाचा समजावा.

पंप पाणी ओढतो असें आपण बोलतों. वस्तुतः तो हवा काढतो. पंपाच्या लोखंडी नळकांड्यांत एक दट्ट्या असतो. आपण दांडा खालीं दाबला कीं दट्ट्या वर जातो व त्याच्या खालची हवा विरळ होते. विहिरींतील पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब असतो. तो दाब पाण्याला नळींतून वर ढकलतो. ह्या ढकलण्याला मर्यादा आहे. ह्या मर्यादेचा उल्लेख गॅलिलिओनें 1638 च्या आपल्या ग्रंथांत केला आहे. समुद्रसपाटीला ती सुमारें 34 फूट भरते. प्रत्यक्षांत असला पंप 22 ते 25 फुटांपलीकडे भरंवशानें चालत नाहीं, आणि महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं मूळ मर्यादाच सुमारें 5 फुटांनीं कमी होते.

आतां दट्ट्याखालची हवा विरळ राहावयाची, तर वरची हवा खालीं शिरतां कामा नये. हें काम दट्ट्यावर बसविलेली चामड्याची वाटी करते. तिची कड वरच्या बाजूस वळलेली असते. दट्ट्या वर जातांना वरील पाण्याच्या भारानें ती कड पसरते व नळकांड्याच्या भिंतीला घट्ट चिकटते. चामडें ओलें असलें तर तें फुगलेलें व मऊ राहतें; वाळलें कीं आकसतें, ताठ होतें, आणि भिंत व कड यांमध्यें फट पडते. त्या फटींतून हवा सहज ये-जा करते. दांडा हलका लागतो तो यामुळेंच.

हा हलकेपणा किती, याचा हिशेब करून पाहूं. समजा, नळकांड्याचा व्यास 3 इंच आहे आणि पाणी तोटीपासून 15 फूट खालीं आहे. अशा पंपांत पाणी चढलेलें असतां दट्ट्यावर सुमारें 21 किलोंचा भार येतो. दांड्याची रचना पांचास एक अशी असली, तर हाताला त्यांतले साधारण 4 किलो जाणवले पाहिजेत. ते जाणवत नसतील, तर नळींत पाण्याचा स्तंभ उभाच राहिलेला नाहीं. उलट दांडा जड लागून सोडतांच झटक्यानें परत फिरत असेल, तर वाटी उत्तम आहे. नळी तुंबली असावी किंवा पाणी फार खोल गेलें असावें.

अशा हलक्या पंपाला वरून पाणी पाजतात. झांकण काढून किंवा वरच्या तोंडांतून तांब्याभर पाणी दट्ट्यावर ओतावें. हें पाणी फट बुजवितें व चामडें भिजवितें. लगेच दांडा मारण्याची घाई न करतां अर्धा तास थांबावें, पाणी खालीं गेलें असल्यास आणखी ओतावें, आणि मग दांडा सावकाश पण पूर्ण मापानें हलवावा. कांहीं फेऱ्यांत हाताला भार येऊं लागला, म्हणजे पाणी चढत आहे असें समजावें.

पुढें काय घडतें, यावरून रोग ओळखतां येतो. समजा, एक कुटुंब तीन आठवडे गांवीं गेलें होतें. परत आल्यावर पंपाला एकदां पाणी पाजलें आणि नंतर तो रोज चालूं लागला. तेथें वाटी केवळ वाळली होती, दुरुस्तीचें कारण नाहीं. दिवसभर पंप चालतो, पण रोज सकाळीं पुन्हां पाणी पाजावें लागतें; तेथें वाटी नव्हे, तर नळकांड्याच्या तळाची झडप गळते. तिच्याखालीं वाळूचा कण अडकला असला तरी रात्रींत सर्व पाणी विहिरींत उतरतें. ओतलेलें पाणी गुडगुड आवाज करीत पाहतां पाहतां खालीं जातें आणि दांडा हलकाच राहतो. तेथें वाटी झिजली आहे, ती बदलावी. आणि भार येतो, पण पाणी बुडबुड्यांसह थांबत थांबत येतें. तेथें पाण्याच्या वर असलेल्या नळीचा एखादा सांधा हवा घेत असतो.

वाटी बदलण्यापूर्वीं नवी वाटी रात्रभर स्वच्छ पाण्यांत भिजत ठेवावी. दट्ट्या वर काढून जुनी वाटी पाहिल्यास तिची कड पातळ, गुळगुळीत किंवा चिरलेली आढळेल. नवी बसवितांना कड वरच्या बाजूसच असावी. उलटी बसविल्यास पंप मुळींच पाणी धरणार नाहीं. नळकांड्याची आंतली भिंतहि बोटानें चांचपावी. ती गंजून खरबरीत झाली असेल, तर नवी वाटीहि थोड्याच आठवड्यांत झिजेल.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. पंपाला पाजलेलें पाणी आपल्या पिण्याच्या पाण्यांतच मिसळतें, आणि झडप गळत असेल तर तें थेट विहिरींत उतरतें. मोरीजवळच्या बादलींतील किंवा डबक्यांतील पाणी ओतणें म्हणजे जुलाब व विषमज्वर यांना हातानें घरांत घेणें होय. आदल्या दिवशीं भरून झांकलेली एक घागर पंपाशेजारीं ठेवावी आणि तेंच पाणी वापरावें. पंप उघडून दुरुस्त केल्यावर पहिलें पाणी सांडून द्यावें आणि विहिरीचें पाणी ब्लीचिंग पावडरनें शुद्ध केल्याविना पिऊं नये.

जालना व सोलापूर येथील पंपांच्या अनुभवावरून 1970 नंतरच्या दशकांत तयार झालेला इंडिया मार्क टू पंप अनेक गांवांत दिसतो. त्याला हा उपाय लागू पडत नाहीं. त्याचें नळकांडें खोल पाण्यांत बुडालेलें असतें. वरून पाणी ओतून कांहींच साधत नाहीं. त्याचा दांडा हलका झाला, तर आंतली सळई निसटली असेल, वाट्या झिजल्या असतील किंवा पाणी नळकांड्याच्याहि खालीं गेलें असेल. तेथें कारागिरासच बोलवावें. अंगणांतल्या पंपाला मात्र बहुतेक वेळां एक तांब्या स्वच्छ पाणी, अर्धा तास धीर आणि फार तर चामड्याची एक नवी वाटी एवढें पुरतें.