थरची वाळू रात्री का गारठते?

मे महिन्यात जैसलमेरला दुपारी पारा ४२ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे तो २६ पर्यंत उतरतो. जानेवारीत दिवसा २४ असतात, तर पहाटे ८. दोन्ही वेळा फरक साधारण १६ अंशांचा. मुंबईत जुलैमध्ये तो जेमतेम पाच अंश असतो.

यामागचं पहिलं कारण पायाखाली आहे. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा भरलेली असते, त्यामुळे उष्णता खाली झिरपत नाही. दुपारी वरचा थर साठ अंशांच्या पुढे तापतो, पण हात-दीड हात खाली दिवसरात्रीचा फरक जवळपास जाणवत नाही. साठवलेली ऊब थोडीच असल्याने रात्री ती पटकन संपते. ओल्या जमिनीत मात्र उन्हाचा बराच वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो, म्हणून ती दिवसाही कमी तापते.

दुसरं कारण डोक्यावर. तापलेली जमीन रात्रभर अवरक्त किरणं बाहेर टाकते. हवेतली वाफ आणि ढग त्यातली बरीच उष्णता शोषून पुन्हा खाली पाठवतात. थरच्या कोरड्या, निरभ्र हवेत ही परतफेड तुटपुंजी असते.

वारा पडला की जमिनीलगतची थंड हवा तिथेच साचते आणि पहाट आणखी बोचरी होते. वारा सुटला तर वरची उबदार हवा खाली मिसळते.

वाळूइतकीच हवाही महत्त्वाची, हे पावसाळ्यात दिसतं. ऑगस्टमध्ये दमट वारे येतात, ढग दाटतात आणि त्याच जैसलमेरमधला फरक दहा-अकरा अंशांवर येतो.